पाडवा नसलेले आर्थिक वर्ष

१ एप्रिल २०२३ ते ३१ मार्च २०२४ या आर्थिक वर्षात गुढीपाडवा आलाच नाही. त्याच्या आधीच्या आर्थिक वर्षात तो दोनदा आला होता: एकदा २ एप्रिल २०२२ रोजी आणि पुन्हा २२ मार्च २०२३ रोजी. पंचांगाच्या बाजूने यात काहीच वावगे नाही, चैत्र शुद्ध प्रतिपदा दर वर्षी ठरल्याप्रमाणे आली. प्रश्न येतो तो वह्यांचा. पाडवा हा साडेतीन मुहूर्तांपैकी एक. त्या दिवशी फ्रिज, दुचाकी, सोने घरी न्यायचे म्हणून गिऱ्हाईक आठवडाभर आधी पसंती करून ठेवते आणि बिल मात्र पाडव्याच्या तारखेचेच करून घेते. अशा दुकानांची आणि वितरकांची विक्री ज्या तिमाह्यांमध्ये मोजली जाते, त्या तिमाह्या इंग्रजी महिन्यांनी बांधलेल्या आहेत. पाडवा मार्च आणि एप्रिलच्या सीमेवर मागेपुढे होतो, आणि ती सीमा हीच आर्थिक वर्षाचीही सीमा आहे.

तिमाही संपली की कोणत्याही विक्री कंपनीत तेच चार प्रश्न विचारले जातात. कोणत्या विभागात किती विकले? कोणता माल किती गेला? एकूण विक्रीत त्याचा वाटा किती? आणि गेल्या वर्षीच्या याच तिमाहीपेक्षा किती वाढले किंवा घटले? या चारही प्रश्नांची उत्तरे एका पानावर देणारा तक्ता आज बहुतेक ठिकाणी एक्सेलच्या पिव्हट टेबलमधून निघतो. तो करायला दहा मिनिटे पुरतात. तो बरोबर वाचायला मात्र त्यातली प्रत्येक टक्केवारी कशाच्या तुलनेत काढली आहे हे माहीत असावे लागते, आणि पाडवा नसलेल्या वर्षात तर ते फारच आवश्यक होते.

पिव्हटची कल्पना पिटो सालास यांची. १९८०च्या दशकाच्या अखेरीस ते लोटस या अमेरिकी कंपनीत काम करत होते. लोक स्प्रेडशीटमध्ये पुन्हापुन्हा त्याच प्रकारची रचना करतात, आडवे महिने आणि उभे विभाग, आणि मग बेरजा, हे त्यांच्या लक्षात आले. ही रचना यंत्राने आपणहून उभी करावी आणि माणसाने फक्त आडवे काय, उभे काय ते सांगावे, या विचारातून १९९१मध्ये लोटस इम्प्रूव्ह हा प्रोग्राम नेक्स्ट संगणकांसाठी बाजारात आला. १९९३च्या एक्सेल ५मध्ये मायक्रोसॉफ्टने हीच सोय पिव्हट टेबल या नावाने दिली आणि तेव्हापासून ती कचेऱ्यांमध्ये रुळली.

आता एक उदाहरण घेऊ. पुण्यात मुख्य कचेरी असलेला, घरगुती उपकरणांचा एक वितरक आहे असे समजू. पुणे, नाशिक आणि नागपूर हे त्याचे तीन विभाग. फ्रिज, वॉशिंग मशीन आणि एसी हा माल. पुढचे विक्रीचे आकडे उदाहरणापुरते तयार केलेले आहेत, सणांच्या तारखा मात्र खऱ्या आहेत.

त्याच्या टॅलीमधून मार्च २०२२ ते एप्रिल २०२४ या काळातली सगळी बिले एक्सेलमध्ये उतरवली आहेत. पिव्हटला माल लागतो तो कच्चा: बिलातली एक ओळ म्हणजे शीटमधली एक ओळ, आणि प्रत्येक ओळीत तारीख, विभाग, माल आणि रक्कम. आधीच महिनावार बेरजा करून आडव्या रकान्यांत मांडलेला तक्ता दिला तर पिव्हटच्या हाती फिरवण्यासारखे काही राहत नाही. विभागाचे नावही एकाच पद्धतीने लिहिलेले हवे. एका कारकुनाने ‘नाशिक’ आणि दुसऱ्याने ‘नासिक’ लिहिले की पिव्हटमध्ये दोन विभाग उभे राहतात. देवनागरीत आणखी एक मेख आहे. ‘ॲ’ हे अक्षर एकच चिन्ह म्हणून टाइप होते, तसेच ‘अ’ला वर अर्धचंद्र जोडूनही होते. डोळ्याला दोन्ही सारखी दिसतात, संगणकाला मात्र ती वेगळी वाटतात, म्हणून ‘ॲक्सेसरीज’ची एक ओळ असायची तिथे दोन दिसतात.

खरा घोळ होतो तो तारखांचा. कचेरीतल्या एखाद्या संगणकाची मांडणी अमेरिकी पद्धतीची असली, तर तो आधी महिना आणि मग दिवस वाचतो. त्याने ०२/०४/२०२२ उघडले की पाडव्याचा २ एप्रिल गुपचूप ४ फेब्रुवारी होऊन बसतो आणि ती विक्री पुढच्या आर्थिक वर्षातून मागच्या वर्षात जाते. २२/०३/२०२३चे मात्र काही होत नाही, कारण बावीसावा महिना नसतो. ती तारीख नुसता मजकूर म्हणून पडून राहते. अशी शीट ओळखायची खूण सोपी आहे. तारखेच्या रकान्यात काही नोंदी उजवीकडे टेकलेल्या आणि काही डावीकडे टेकलेल्या दिसतात: उजवीकडच्या तारखा समजल्या गेलेल्या असतात, डावीकडच्या मजकूर. दुसरी खूण म्हणजे रकाना तारखेच्या क्रमाने लावल्यावर अजून न आलेल्या तारखा शेवटी दिसणे. एप्रिल २०२४पर्यंतच्या बिलांत ४ सप्टेंबर २०२४ सापडला, तर तो बहुधा ९ एप्रिलच आहे, म्हणजे त्या वर्षीचा पाडवा.

तारखा सरळ झाल्या की तिमाही बांधायची. पिव्हट तारखांचे गट स्वतःच करतो, पण त्याची पहिली तिमाही जानेवारी ते मार्चची असते. भारतीय आर्थिक वर्षासाठी शीटमध्ये दोन जादा रकाने करणे हाच खात्रीचा मार्ग. तारीख `A` रकान्यात असेल तर सूत्रे अशी:

```
=YEAR(A2)-(MONTH(A2)<4)
="Q"&CHOOSE(MONTH(A2),4,4,4,1,1,1,2,2,2,3,3,3)
```

पहिले सूत्र आर्थिक वर्ष ज्या साली सुरू झाले ते साल देते. मार्च २०२३च्या बिलाला २०२२, एप्रिल २०२३च्या बिलाला २०२३. दुसऱ्यात जानेवारीपासून डिसेंबरपर्यंत प्रत्येक महिन्याची तिमाही ओळीने लिहिली आहे. याहून आखूड सूत्रे करता येतात, पण हे सूत्र सहा महिन्यांनी दुसऱ्या कोणी उघडले तरी एका नजरेत कळते. तारीख मजकूर म्हणून पडली असेल तर या रकान्यांत `#VALUE!` उमटते, आणि पिव्हटमध्येही त्या नावाची ओळ दिसते. ती ओळ लपवून टाकण्याचा मोह टाळावा. तिच्यात खरी विक्री अडकलेली असते.

आता पहिला तक्ता. `Rows`मध्ये विभाग, `Columns`मध्ये माल, `Values`मध्ये रक्कम, आणि वर `Filters`मध्ये आर्थिक वर्ष २०२३, म्हणजे २०२३-२४. एकूण विक्री १,००० लाख रुपये. त्यातले पुण्याचे ४९०, नाशिकचे २३० आणि नागपूरचे २८० लाख. नागपूरच्या ओळीत आणि एसीच्या रकान्यात आकडा आहे ६६ लाख.

या ६६ लाखांचा वाटा किती? रकमेच्या आकड्यावर उजवे क्लिक करून `Show Values As` निवडले की पर्यायांची मोठी यादी उघडते, आणि त्यातले तीन पर्याय इथे तीन वेगळी उत्तरे देतात. `% of Grand Total` म्हणते ६.६ टक्के: कंपनीच्या सगळ्या विक्रीत नागपूरच्या एसींचा वाटा. `% of Row Total` म्हणते २३.६ टक्के: नागपूरमध्ये जे काही विकले गेले त्यात एसींचा वाटा. `% of Column Total` म्हणते ३० टक्के: तिन्ही विभागांत मिळून २२० लाखांचे एसी गेले, त्यातला नागपूरचा वाटा. तिन्ही उत्तरे बरोबर आहेत. पण बैठकीत नुसते ‘नागपूर एसीचा वाटा ३० टक्के’ असे वाक्य पडले आणि ऐकणाऱ्याने तो कंपनीच्या विक्रीतला वाटा समजला, तर पुढच्या हंगामाचा माल कुठल्या गोदामात किती ठेवायचा हा निर्णयच वेगळ्या पायावर होतो. कोणता पर्याय लावला आहे हे तक्ता पाहून ओळखता येते: १०० टक्के कुठे लिहिले आहे ते शोधायचे. ते प्रत्येक ओळीच्या शेवटी असेल तर वाटा ओळीतला, प्रत्येक रकान्याच्या तळाशी असेल तर रकान्यातला, आणि फक्त उजव्या खालच्या कोपऱ्यात असेल तर एकूणातला.

वाट्याची दुसरी गफलत फिल्टरमुळे होते, आणि ती सहज नजरेतून सुटते. पिव्हटच्या लेखी एकूण म्हणजे आत्ता दिसणाऱ्याची बेरीज. कोणीतरी नाशिक विभाग फिल्टरमधून काढला की एकूण १,००० वरून ७७० लाखांवर येते आणि पुण्याचा वाटा ४९ टक्क्यांवरून ६३.६ टक्के होतो. पुण्यात एक रुपयाही जास्त विकला गेलेला नसतो. बेरीज पुन्हा बरोबर १०० टक्के भरते, त्यामुळे तक्ता बिघडल्याचे कुठलेच लक्षण दिसत नाही. म्हणून वाट्याच्या तक्त्यात टक्क्यांच्या शेजारी रुपयांचा रकानाही ठेवावा. तीच रक्कम `Values`मध्ये दोनदा ओढायची, एकदा तशीच आणि एकदा टक्क्यांत. तळाची रुपयांची बेरीज टॅलीच्या विक्री खात्याशी जुळली की सगळे विभाग तक्त्यात आहेत याची खात्री होते.

वाटा आणि वाढ यांची गल्लत हाही नेहमीचाच प्रकार. २०२२-२३मध्ये एकूण विक्री ९६० लाख होती आणि त्यात पुणे ४८० म्हणजे अर्धे. पुढच्या वर्षी पुण्याने ४९० लाख विकले, म्हणजे २.१ टक्के जास्त, तरी वाटा ५० वरून ४९ टक्क्यांवर उतरला. पुण्याची टीम मागे पडली असा याचा अर्थ होत नाही. नागपूर २४०वरून २८०वर गेले, त्यामुळे भागाकारातला खालचा आकडा वाढला. नाशिकचे मात्र खरेच घटले, २४०वरून २३०. एकूण वाढ ४० लाखांची. पुण्याचे अधिक १०, नाशिकचे उणे १० आणि नागपूरचे अधिक ४०. पुणे आणि नाशिक एकमेकांना फेडतात, म्हणजे सगळी वाढ नागपूरची. हे वाट्याच्या टक्क्यांतून दिसत नाही. त्यासाठी `Show Values As`मधला `Difference From` हा पर्याय लावून फरक रुपयांतच पाहावा लागतो.

येथून वार्षिक बदलाकडे येऊ. आता `Rows`मध्ये तिमाही, `Columns`मध्ये आर्थिक वर्ष. रक्कम पुन्हा दोनदा; दुसऱ्या वेळी `% Difference From` निवडायचे, `Base field` म्हणून आर्थिक वर्षाचा रकाना आणि `Base item` म्हणून `(previous)`. फिल्टरमध्ये फक्त ही दोन पूर्ण वर्षे ठेवायची. मार्च २०२२ हा त्याच्या आर्थिक वर्षाचा एकटा महिना आणि एप्रिल २०२४ही तसाच. ते तुलनेत आले तर अर्धवट वर्षाशी पूर्ण वर्ष भिडते. वर्षांची आडवी बेरीजही बंद करावी, दोन वर्षांच्या विक्रीची बेरीज कोणाच्याच उपयोगाची नसते.

इथे `Base field` चुकून तिमाहीचा निवडला गेला, तर तक्ता गेल्या वर्षाशी तुलना न करता मागच्या तिमाहीशी करतो. या उदाहरणात २०२३-२४ची दुसरी तिमाही २०० लाखांची आणि पहिली २८८ लाखांची. पिव्हट दुसऱ्या तिमाहीपुढे उणे ३०.६ टक्के लिहितो. उन्हाळा संपल्यावर पावसाळ्यात एसी कमी जाणारच, ती काही घसरण नव्हे. ही चूक ओळखायला गणित करावे लागत नाही. तुलना वर्षाशी असेल तर पहिल्या वर्षाच्या टक्क्यांचा रकाना कोरा राहतो, कारण त्याच्या आधी काही नाही. तुलना तिमाहीशी असेल तर पहिल्या तिमाहीची ओळ कोरी राहते. कोरे काय आहे ते पाहायचे, बस.

बरोबर लावलेला तक्ता असा दिसतो, आकडे लाखांत:

| तिमाही | २०२२-२३ | २०२३-२४ | बदल |
|---|---|---|---|
| एप्रिल ते जून | ३०० | २८८ | −४.० टक्के |
| जुलै ते सप्टेंबर | १८० | २०० | +११.१ टक्के |
| ऑक्टोबर ते डिसेंबर | २६० | ३०० | +१५.४ टक्के |
| जानेवारी ते मार्च | २२० | २१२ | −३.६ टक्के |
| एकूण | ९६० | १,००० | +४.२ टक्के |

हा तक्ता पाहून कोणाही विक्रीप्रमुखाच्या मनात एक कथा तयार होते. वर्षाची सुरुवात वाईट झाली, गणपती आणि दिवाळीने सावरले, शेवटी पुन्हा गाडी घसरली. मग शेवटच्या तिमाहीत काय बिघडले याची विचारणा सुरू होते, योजना कमी पडली का, प्रतिस्पर्ध्याने भाव पाडले का, अशी कारणे शोधली जातात. कारणे शोधली की सापडतातही.

त्याआधी पिव्हटची एक सोय वापरावी. तक्त्यातल्या रकमेच्या कोणत्याही आकड्यावर दोनदा क्लिक केले की तो आकडा ज्या ओळींची बेरीज आहे त्या सगळ्या ओळी नव्या शीटवर उघडतात. २०२२-२३च्या पहिल्या तिमाहीच्या ३०० लाखांवर क्लिक करून ओळी तारखेने लावल्या, की १ आणि २ एप्रिलला बिलांची रांगच लागलेली दिसते. शेवटच्या तिमाहीच्या २२० लाखांत तशीच रांग २२ मार्चच्या आसपास दिसते. २०२३-२४च्या दोन्ही तिमाह्यांत अशी रांग कुठेच नाही. त्या वर्षीचे पाडव्याचे गिऱ्हाईक ९ एप्रिल २०२४ला आले, आर्थिक वर्ष संपून नऊ दिवस झाल्यावर.

महिने वेगळे काढले की गोष्ट आणखी स्पष्ट होते. एप्रिल २०२२ची विक्री १२० लाख, एप्रिल २०२३ची ९८. मे आणि जून मिळून मात्र १८०वरून १९०वर गेले. शेवटच्या तिमाहीतही तेच: जानेवारी-फेब्रुवारी ११६वरून १२८वर गेले आणि मार्च एकटा १०४वरून ८४वर आला. म्हणजे घट दोन महिन्यांत कोंडलेली आहे, आणि हे दोन्ही महिने म्हणजे पाडव्याची जागा.

पाडवा असा का सरकतो? चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, सौर वर्षापेक्षा अकरा दिवसांनी आखूड. म्हणून पाडवा २ एप्रिल २०२२वरून २२ मार्च २०२३वर आला, अकरा दिवस अलीकडे. मग २०२३च्या जुलै-ऑगस्टमध्ये अधिक श्रावण आला आणि चांद्र वर्ष एका महिन्याने लांबले. पुढचा पाडवा एकदम ९ एप्रिल २०२४ला गेला. त्यानंतर पुन्हा अलीकडे, ३० मार्च २०२५. त्यामुळे २०२४-२५ या आर्थिक वर्षातही पाडवे दोन पडले आणि २०२३-२४शी तुलना केल्यावर पहिली आणि शेवटची तिमाही दोन्ही चांगल्या फुगलेल्या दिसल्या असणार. दिवाळीच्या बाबतीत हा त्रास होत नाही. ती ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत कुठेही येवो, पडते तिसऱ्या तिमाहीतच. गणेश चतुर्थीही ऑगस्टच्या उत्तरार्धात किंवा सप्टेंबरमध्ये, म्हणजे दुसऱ्या तिमाहीत. दसऱ्याचे मात्र सांभाळून पाहावे. २०२५मध्ये तो २ ऑक्टोबरला होता, तेव्हा नवरात्रातली खरेदी जवळजवळ सगळी सप्टेंबरमध्ये, म्हणजे आधीच्या तिमाहीत गेली.

यावर एक उपाय झटकन सुचतो: दोन्ही वर्षांतून पाडव्याच्या आठवड्याची विक्री वजा करायची. तो उपाय फसवा आहे. २०२२-२३मधून तो आठवडा काढला तर तेवढे दिवसच कमी होतात, आणि त्या दिवसांत पाडवा नसता तरी काही विक्री झालीच असती. २०२३-२४मधून काढायला तसा आठवडाच नाही. एक बाजू कापून दुसरी पूर्ण ठेवल्याने वाढ उगाच मोठी दिसते.

सरळ मार्ग असा की तुलनेचा कालखंडच एवढा करायचा, की त्यात दर वर्षी एकच पाडवा येईल. या वर्षांतला प्रत्येक पाडवा मार्च किंवा एप्रिलमध्ये आहे, तेव्हा हे दोन महिने एकत्र धरायचे. चीनचे राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयही हेच करते. तिथले चांद्र नववर्ष जानेवारी-फेब्रुवारीच्या दरम्यान सरकते, म्हणून किरकोळ विक्री आणि औद्योगिक उत्पादनाचे आकडे या दोन महिन्यांसाठी एकत्रच जाहीर होतात. आपल्या शीटमध्ये त्यासाठी तिसरा जादा रकाना पुरतो:

```
=IF(OR(MONTH(A2)=3,MONTH(A2)=4),YEAR(A2),"")
```

मार्च आणि एप्रिलच्या बिलांना त्या सालाचा आकडा मिळतो, बाकीच्यांना काही नाही. हा रकाना `Columns`मध्ये घेऊन, कोरी नोंद फिल्टरने काढून आणि आर्थिक वर्षावरचा फिल्टर उठवून नवा तक्ता केला, की मार्च-एप्रिल २०२२चे १९० लाख, २०२३चे २०२ आणि २०२४चे २१८ असे तीन आकडे मिळतात. बदल अधिक ६.३ टक्के आणि अधिक ७.९ टक्के. जिथे मुख्य तक्ता दोनदा घट दाखवत होता, तिथे पाडव्याचा हंगाम दोन्ही वर्षी वाढला आहे. यासाठीच बिले मार्च २०२२पासून एप्रिल २०२४पर्यंत घेतली होती. फक्त दोन आर्थिक वर्षांचीच घेतली असती तर जोडीतला पहिला मार्च आणि शेवटचा एप्रिल हाती लागला नसता.

या जोडीने सगळेच प्रश्न सुटतात असे नाही. ती पाडव्याचे सरकणे पुसते, हवामान पुसत नाही. २०२३च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्राच्या बऱ्याच भागांत अवकाळी पाऊस झाला होता, आणि ढगाळ एप्रिलमध्ये एसीची विक्री मंदावतेच. म्हणून या तक्त्यात माल `Rows`मध्ये ओढून पाहणे योग्य. फ्रिज आणि वॉशिंग मशीन वाढले आणि एसी तेवढे अडले, तर कारण उन्हाचे असण्याची शक्यता जास्त. तिन्ही माल एकाच विभागात अडले तर त्या विभागाकडे पाहावे लागेल.

वर्षाशी वर्ष ताडताना रक्कम कोणती घेतली हेही तितकेच महत्त्वाचे. बिलात दोन रकमा असतात, कराआधीची आणि जीएसटीसकट. २२ सप्टेंबर २०२५पासून एसीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. ज्या एसीची करपूर्व किंमत १०० रुपये धरू, त्याचे बिल १२८चे होते ते ११८चे झाले. जीएसटीसकटची रक्कम पिव्हटला दिली असेल, तर नग तेवढेच आणि कंपनीचे उत्पन्न तेवढेच असूनही तक्ता ७.८ टक्के घट दाखवतो. फ्रिज आणि वॉशिंग मशीनचा कर आधीपासूनच १८ टक्के होता, त्यामुळे वाट्याच्या तक्त्यात एसीचा हिस्सा घटतो आणि या दोघांचा विनाकारण वाढतो. करपूर्व रक्कम घेणे हा यावरचा एकच उपाय. सोबत नगांचा रकाना असला तर किंमत बदलली की विक्री, हेही लगेच कळते. परत आलेल्या मालाच्या क्रेडिट नोटा उणे रकमेने शीटमध्ये आहेत ना, तेही इथेच पाहून घ्यावे.

एवढे करूनही एक साधी गोष्ट तक्ता बिघडवते. पिव्हट मूळ शीटवर थेट चालत नाही, तो तिची एक प्रत स्वतःजवळ ठेवतो. शीटमध्ये ‘नासिक’चे ‘नाशिक’ केले तरी `Refresh` म्हणेपर्यंत जुनेच नाव दिसते. शिवाय पिव्हट करताना जेवढ्या ओळी दिल्या तेवढ्याच तो वाचतो, खाली नव्या महिन्याची बिले चिकटवली तर ती `Refresh` करूनही येत नाहीत. मूळ शीट आधी `Ctrl+T`ने टेबल करून ठेवली की नव्या ओळी आपोआप त्यात धरल्या जातात.

२०२६चा पाडवा १९ मार्चला आहे. त्यानंतर मे-जूनमध्ये अधिक ज्येष्ठ येतो आणि २०२७चा पाडवा ७ एप्रिलला जातो. म्हणजे १ एप्रिल २०२६ ते ३१ मार्च २०२७ हे आर्थिक वर्ष पुन्हा पाडव्याविना जाईल. त्याच्या शेवटच्या तिमाहीची तुलना होईल ती पाडवा असलेल्या जानेवारी-मार्च २०२६शी. ज्यांची विक्रीची उद्दिष्टे आणि विक्रेत्यांचे बोनस तिमाहीच्या वार्षिक वाढीवर बांधलेले आहेत, त्यांनी त्या तिमाहीचा आकडा मार्च-एप्रिलच्या जोडीने ठरवायचा की नाही, हे वर्ष सुरू होतानाच लिहून ठेवलेले बरे.